कळा खऱ्या की सरावाच्या? वही, घड्याळ आणि दवाखान्याचा रस्ता

रात्री नऊनंतर आमच्या लेबर रूमचा फोन वाजला की पलीकडे बहुतेक वेळा आईच असते. "सिस्टर, पोरीचं पोट दगडासारखं झालंय. आणू का?" मी विचारते, "किती वेळानं होतंय?" उत्तर येतं, "मधनं मधनं होतंय." पुढचा सगळा निर्णय या "मधनं मधनं"मध्ये अडकलेला असतो. एक कळ कितीही जोराची वाटली तरी ती खरी की खोटी हे तिच्या एकटीवरून सांगता येत नाही, मलाही नाही. तासाभरातल्या कळा एकाखाली एक लिहिल्या की मात्र बरंच काही कळतं.

पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्यासोबत रात्र जागणाऱ्या आई, सासू, नवऱ्यासाठी हे लिहिते आहे. ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणं करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच येतील.

आधी पोटात काय चालतं ते

गर्भपिशवी म्हणजे एक मोठा स्नायू. हाताची मूठ आवळावी तसा तो अधूनमधून आवळतो आणि सुटतो. हे आवळणं नवव्या महिन्यात अचानक सुरू होत नाही. खूप आधीपासून चालू असतं, पण पाचवा-सहावा महिना उलटेपर्यंत बहुतेकींना जाणवत नाही. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या तोंडी "ब्रॅक्स्टन हिक्स" हे नाव असतं. आपल्याकडे बायका म्हणतात, पोट कडक येतं, बाळ एका बाजूला गोळा होतं, खोट्या कळा येतात. मला "खोट्या" हा शब्द फारसा आवडत नाही, कारण त्या बाईला होणारा त्रास खोटा नसतो. मी सरावाच्या कळा म्हणते.

मग फरक कशात? नाडीचा बटवा डोळ्यांसमोर आणा. त्याचं तोंड खाली, नाडी घट्ट ओढलेली. सरावाच्या कळेत बटव्याचं कापड नुसतं आवळतं आणि सैल पडतं, तोंड होतं तसंच राहतं. खऱ्या कळेत वरचा भाग प्रत्येक वेळी थोडा आखडतो आणि खालचं तोंड वर ओढून घेतो. तोंड आधी मऊ आणि पातळ होतं, मग उघडायला लागतं. खऱ्या कळांची व्याख्याच ती आहे: ज्यांनी पिशवीचं तोंड बदलतं त्या खऱ्या. हा बदल आतून तपासल्याशिवाय कळत नाही, आणि कधीकधी दोन-चार तासांच्या अंतराने दोनदा तपासावं लागतं. घरी आपण करतो तो अंदाज असतो. नीट केला तर चांगला अंदाज असतो, इतकंच.

पहिला प्रश्न: कितवा आठवडा?

घड्याळ हातात घेण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावर बाळंतपणाची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून ती काढतात. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची. त्या तारखेला ४० आठवडे होतात. तिथून तीन आठवडे मागे गेलात की ३७ आठवड्यांची रेघ येते. कॅलेंडरवर तिथे पेनाने खूण करून ठेवा.

या लेखातलं "थांबा, मोजा, बघा" हे सगळं त्या रेघेनंतरचं आहे. रेघेच्या आधी पोट वारंवार कडक येत असेल, पाणी पिऊन आणि कुशीवर पडूनही तासात चार किंवा जास्त वेळा होत असेल, कंबर पाळीसारखी दुखत असेल, किंवा खाली दाब आल्यासारखं वाटत असेल, तर वही उघडू नका, दवाखाना गाठा. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर ३४ आठवड्यांपर्यंत बाळाची फुप्फुसं पक्व करण्यासाठी आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा पुरता उपयोग व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे तुम्ही सकाळपर्यंत थांबलात तर तो वेळ बाळाच्या वाट्यातून जातो. आणि हो, "सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" हे अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

दुसरं काम: पाणी, लघवी, डावी कूस

३७ आठवडे झालेत आणि पोट कडक यायला लागलंय. आधी दोन ग्लास पाणी प्या. मग लघवीला जाऊन या, लागलेली नसली तरी. चालत होतात तर आडव्या व्हा, पडून होतात तर उठून घरात चार फेऱ्या मारा. शेवटी डाव्या कुशीवर तासभर पडा. कोमट पाण्याने अंघोळ केली तरी चालेल.

हे उपाय साधे असले तरी खूप काही सांगतात. अंगातलं पाणी कमी झालं की पिशवी चिडते. मूत्राशय पिशवीला चिकटून असतं, ते भरलं की ती आवळते. दिवसभर उभं राहणं, लांबचा प्रवास, शरीरसंबंध, अगदी बाळाने जोरात घेतलेली कूससुद्धा पुरते. अशी कारणाने आलेली कळ कारण गेल्यावर विरळ होते. खऱ्या कळेला तुम्ही पाणी प्यायलात की झोपलात याचं काही पडलेलं नसतं, ती येतच राहते.

लघवीला जाताना जळजळ होत असेल, उन्हाळी लागल्यासारखं वाटत असेल किंवा ताप असेल तर नुसत्या पाण्यावर भागवू नका. लघवीत जंतुसंसर्ग असला की पोट वारंवार कडक येतं, आणि त्याला औषध लागतं. ते त्याच दिवशी दाखवा.

घरातली पोट दुखण्याची गोळी या वेळी देऊ नका. एरंडेल तर मुळीच नको. "पोट साफ झालं की सुटका लवकर होते" म्हणून ते पाजलेल्या बायका आमच्याकडे जुलाबाने गळून येतात, आणि मग कळा कुठल्या नि पोटात मुरडा कुठला हेच कळत नाही. कळा वाढाव्यात म्हणून कुणी घरी येऊन इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते औषध दवाखान्यातही थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात.

तिसरं: हात कुठे ठेवायचा, काय लिहायचं

हात बेंबीच्या वर, पिशवीच्या वरच्या टोकाला सपाट ठेवा. सगळ्या बोटांनी हलका दाब द्या. पिशवी सैल असेल तर बोटं सहज आत जातात. कळ आली की ती जागा घट्ट होते. किती घट्ट, याचं एक माप आम्ही शिकाऊ मुलींना शिकवतो. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं, म्हणजे बोट रुतणारच नाही असं लागलं तर जोराची. आत्ता स्वतःच्या चेहऱ्याला बोट लावून बघा, रात्री उपयोगी पडेल.

हात ठेवण्याचं दुसरं कारण असं की काही जणींना पोटात फारसं जाणवतच नाही. सगळी कळ कंबरेत नाहीतर मांड्यांत उतरते. "कंबरच दुखतेय, कळा नाहीत" असं ती म्हणत राहते आणि हाताखाली पिशवी दर सात मिनिटांनी कपाळासारखी होत असते. कंबर दुखायला लागली की पोटावर हात ठेवायची सवय करा.

वहीत प्रत्येक कळेचे दोनच आकडे लिहायचे: कळ किती वाजता सुरू झाली आणि किती सेकंद टिकली. चुका होतात त्या इथेच. दोन कळांमधलं अंतर एकीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं असतं. बरेच जण पहिली संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजतात. मग सहा मिनिटांचं अंतर पाचाचं दिसतं आणि धावपळ होते. मोबाईलवर कळा मोजायची ॲप्स आहेत, ती वापरायला हरकत नाही. पण बटण दाबायचं काम नवऱ्याने किंवा आईने करावं. कळ सोसणाऱ्या बाईने घड्याळाकडे डोळे लावून बसू नये, तिला प्रत्येक कळ मग दुप्पट वाटते.

दोन रात्री, एकाच मुलीच्या

हे कसं वाचायचं ते एका पहिलटकरणीच्या वहीवरून दाखवते. तेविसाव्या वर्षी माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी, गाव दवाखान्यापासून बावीस किलोमीटर, मधे एक घाट. सगळ्या तपासण्या ठीक, बाळाचं डोकं खाली.

पहिली रात्र ३८ आठवडे आणि दोन दिवसांची. दिवसभर चुलतभावाचं लग्न, मे महिना, मांडवात बसून राहिलेली. लघवीची सोय नाही म्हणून पाणीही घोटभरच प्यायलेली. वहीत असं होतं:

९:१० – २५ सेकंद
९:२२ – ४० सेकंद
९:४१ – २० सेकंद
९:४८ – ३० सेकंद
१०:१५ – २५ सेकंद

अंतरं काढा: बारा मिनिटं, एकोणीस, सात, मग सत्तावीस. आईने फोन केला तो ९:४८ नंतर, कारण सात मिनिटांचं अंतर बघून ती घाबरली होती. पण एका अंतरावर जाऊ नका. आधी एकोणीस होतं, नंतर सत्तावीस झालं. सेकंदही वर-खाली, वाढत काहीच नाही. मी मुलीशी बोलले तेव्हा कळ चालू असताना ती मला लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होती. दुखणं सगळं पुढे, ओटीपोटाच्या वर. बाळ फिरत होतं, अंगावर काही जात नव्हतं. दोन ग्लास पाणी, लघवी, डावी कूस. सव्वादहानंतर लिहिण्यासारखं काही आलं नाही आणि अकराला ती झोपली.

दुसरी रात्र चार दिवसांनी. मध्यरात्रीनंतर पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कंबर धरली. दीड वाजता लघवीला गेली तेव्हा लालसर चिकट बोटभर स्राव दिसला. पाणी पिऊन पडली, पण झोप लागेना. तीनला आईने वही काढली:

३:०४ – ३५ सेकंद
३:१७ – ४० सेकंद
३:२८ – ४० सेकंद
३:३९ – ४५ सेकंद
३:४९ – ४५ सेकंद
३:५८ – ५० सेकंद
४:०६ – ५० सेकंद
४:१४ – ५० सेकंद

इथली अंतरं तेरा, अकरा, अकरा, दहा, नऊ, आठ, आठ. घड्याळासारखी काटेकोर नाहीत, पण दिशा एकच आहे. अंतर कमी होतंय, कळ लांबतेय. कळ पाठीत सुरू होऊन दोन्ही बाजूंनी पुढे येत होती. आईने सव्वाचारला फोन केला. मी मुलीला फोन द्यायला सांगितलं आणि काहीबाही विचारत राहिले. ४:२१ ला ती वाक्याच्या मधेच थांबली, श्वास धरला, पन्नास-साठ सेकंद एक शब्द नाही. मग म्हणाली, "हां, काय म्हणत होता?" या एका गोष्टीवर माझा भरवसा वहीइतकाच आहे. जोराच्या खऱ्या कळेत बोलता येत नाही, आणि ती सरली की पुढची येईपर्यंत बाई पुन्हा नेहमीसारखी होते.

लगेच निघायला सांगितलं. १०२ ची गाडी पाच वाजायला दहा मिनिटं असताना दारात आली, पावणेसहाच्या आत ती आमच्याकडे पोचली. तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके चांगले, कळा दर पाच मिनिटांनी. दुपारी एक वीसला मुलगी झाली.

अंगावर गेलेल्या त्या लालसर चिकट स्रावाबद्दल थोडं. तो पिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट बोळा असतो. तोंड मऊ होऊ लागलं की तो सुटतो. काहींचा कळांच्या काही तास आधी सुटतो, काहींचा काही दिवस आधी. नुसता तो दिसला म्हणून पळायचं नसतं. त्याच्याबरोबर वाढत्या कळा असल्या तर त्याला अर्थ येतो.

निघायचं कधी: रस्ता वहीत धरा

पहिलटकरणीसाठी सहसा सांगतात तो नियम पाच-एक-एक असा: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ एक मिनिटाची, आणि असं एक तास चाललेलं. नियम चांगला आहे, पण तो दवाखान्यापासून वीस-तीस मिनिटांवर राहणाऱ्या, दारात गाडी उभी असणाऱ्या बाईसाठी आहे. पुण्यात कोथरूडला राहणारीने त्यावर चालावं. घाटापलीकडच्या वाडीतल्या मुलीने तो जसाच्या तसा घेतला तर ती पाच मिनिटांच्या कळा घेऊन जीपमध्ये तासभर हेलकावे खाईल.

म्हणून आठवा महिना संपताना स्वतःचा आकडा काढून ठेवा. गाडी बोलावल्यापासून दारात यायला किती वेळ, त्यात रस्त्याचा वेळ मिळवा. रात्रीचा मिळवा, दिवसाचा नको. पावसाळा असेल तर ओढ्यावरून पाणी गेलं की कुठून वळसा घ्यावा लागतो तोही धरा. वरच्या मुलीचे गाडीसाठी पस्तीस आणि रस्त्याचे पन्नास झाले, म्हणजे जवळजवळ दीड तास. ज्यांचा आकडा अर्ध्या तासाच्या आत आहे त्यांनी पाच-एक-एकवर निघावं. तासाच्या वर असेल तर सात-आठ मिनिटांची, पाऊण मिनिटाच्या वर टिकणारी आणि वाढत जाणारी रांग तासभर दिसली की निघावं. दोन-अडीच तासांवर असाल तर कळांची वाटच पाहू नये, तारखेच्या चार-पाच दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावं. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ यासाठीच "माहेरघर" आहेत. आशाताईंना त्याबद्दल आधीच विचारा. गर्भवतीला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत असते, आणि जीवाचं काही वाटलं तर १०८.

दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर हे सगळे आकडे पुढे ओढा. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड आधी पातळ होतं, मग उघडतं. नंतरच्या वेळी दोन्ही एकदमच होतं, आणि आठ मिनिटांच्या कळांवरून बाळ बाहेर यायला कधीकधी दोन-तीन तासही लागत नाहीत. नियमित कळा ओळखल्या की निघा, तासभर लिहीत बसू नका.

रस्ता जवळचा आणि कळा अजून दहा-बारा मिनिटांवर असतील तर घरीच बरं. पहिलटकरणीत हा सुरुवातीचा टप्पा बारा-पंधरा तासही चालू शकतो, कधी त्याहून जास्त. झोप येईल तेवढी घ्या. मऊ भात, पेज, चहा-बिस्किट, सरबत असं हलकं थोडं थोडं घ्या, उपाशी राहू नका. घरभर माणसं गोळा करू नका.

घड्याळ बाजूला ठेवायच्या वेळा

काही वेळी कळा मोजणं हीच चूक असते. कळ एकही नसली तरी निघायचं.

पाणी गेलं तर. भसकन गेलं तर शंका राहत नाही, पण कधी ते नुसतं पाझरतं आणि लघवी सुटली असं वाटतं. स्वच्छ सुती घडी ठेवा, अर्धा तास आडव्या पडा, मग उभ्या राहा. उठताच पुन्हा ओघळलं, घडी भिजली आणि लघवीचा वास नसेल तर ते गर्भजल धरून चला. किती वाजता गेलं ते लिहा, रंग बघा, घडी पिशवीत घालून सोबत आणा. रंग हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे, मग एक मिनिटही घालवू नका. क्वचित पाण्यामागून नाळेचा वेढा बाहेर दिसतो. तसं झालं तर ढोपरं आणि कोपरं टेकून कंबर वर, डोकं खाली ठेवायचं, नाळेला हात लावायचा नाही, १०८.

लाल, ताजं, पाळीसारखं रक्त गेलं तर. चिकट लालसर स्राव वेगळा, हे वेगळं. वार खाली असल्याचं सोनोग्राफीत सांगितलेलं असेल तर थोडंसं रक्तही पुरे.

पोट कडक झालं आणि सुटलंच नाही तर. कुठलीही कळ, सरावाची असो की खरी, येते आणि जाते. मधे पिशवी सैल पडते. ती सैल न पडता फळीसारखी राहिली आणि दुखत राहिली तर वार सुटत असण्याची भीती असते, आणि अशा वेळी बाहेर रक्त दिसेलच असं नाही.

बाळाचं फिरणं कमी झालं तर. "शेवटी शेवटी बाळाला जागा नसते, कमी फिरतं" हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की त्यावर वेगळा लेख होईल. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी लोळल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. कळा चालू असतानाही बाळ फिरतं. काही खाऊन डाव्या कुशीवर दोन तास पडून दहा वेळा जाणवलं नाही, किंवा रोजच्यापेक्षा कमीच वाटतंय असं तुमच्या मनाने घेतलं, तर येऊन ठोके ऐकवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली दुखणं, तोंडावर सूज, ही रक्तदाब चढल्याची लक्षणं आहेत. आधी सिझर झालेलं असेल, जुळी असतील किंवा बाळ पायाळू असेल तर नियमित कळांची चाहूल लागताच निघायचं आणि वाटेत काही खायचं नाही. जुन्या टाक्यांच्या जागी कळ नसतानाही दुखत असेल तर डॉक्टरांना दारातच सांगायचं.

आणखी एक गोष्ट. जोराच्या कळा चालू असताना बाई म्हणाली, "मला संडासला लागलंय," तर तिला एकटीला जाऊ देऊ नका. बाळाचं डोकं खाली उतरलं की अगदी तसंच वाटतं. तेव्हा प्रवासाचा विचार सोडा, १०८ ला फोन करून ते सांगतील तसं घरीच डाव्या कुशीवर ठेवा.

आल्यावर परत पाठवलं तर

असं पुष्कळदा होतं. आम्ही तपासतो, तोंड एक बोटही उघडलेलं नसतं, ठोके चांगले असतात, कळा विरळ झालेल्या असतात. "अजून वेळ आहे, घरी जा" म्हटलं की मुलगी हिरमुसते आणि सासू गाडीभाड्याचा हिशोब काढते. पण उठण्याआधी तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: आत्ता तोंड किती उघडलंय, बाळाचे ठोके किती आहेत, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. पुढच्या वेळी तपासणारी सिस्टर दुसरी असली तरी पहिला आकडा समोर असला की बदल झाला की नाही ते तिला ताबडतोब कळतं.

तुमचा रस्त्याचा आकडा तासाच्या वर असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. "गाव लांब आहे, दोन-चार तास इथेच थांबू का, परत तपासाल का?" असं विचारलेलं आम्हाला आवडतं. बाकावर बसा, व्हरांड्यात फेऱ्या मारा, पाणी पीत राहा, आणि वहीत आत्ताची वेळ टाकून नवीन रांग सुरू करा.